गंजून बसलेल्या ट्रंकेचे झाकण: गाव सोडण्यापूर्वी ते न मोडता कसे उघडावे

घर हलवताना पत्र्याची जुनी ट्रंक उघडेना झाली की बहुतेक घरांत दोनच उपाय सुचतात. एक तर पहार आणायची, नाहीतर ट्रंक तशीच टेंपोत चढवायची. पहारीने झाकण फाटते, आणि न उघडता नेली तर आत काय आहे हे माहीत नसताना ती नव्या शहरातल्या जिन्यांवरून वर न्यावी लागते. तिसरा मार्ग वेळ घेणारा आहे. मी आणि माझ्या धाकट्या बहिणीने बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातील आमच्या कौलारू घरातून पुण्याला बिऱ्हाड हलवण्यापूर्वी तो वापरला. ट्रंक आजीची होती. आईच्या सांगण्याप्रमाणे तिच्यात लुगडी, पितळेची भांडी आणि जमिनीचे काही कागद होते, आणि आजी गेल्यापासून ती कोणी उघडली नव्हती.

खालच्या पायऱ्या आम्ही केल्या त्याच क्रमाने दिल्या आहेत. तुमची ट्रंक आमच्यापेक्षा वेगळ्या जागी धरलेली असू शकते, म्हणून प्रत्येक पायरीवर काय पाहून पुढचा निर्णय घ्यायचा हेही सांगितले आहे. टेंपोचा दिवस ठरवण्यापूर्वी या कामासाठी चार-पाच दिवस हाताशी ठेवा. यातला बहुतेक वेळ तेल मुरण्यात जातो, प्रत्यक्ष श्रम थोडेच आहेत.

१. साहित्य गोळा करा

यातले बरेचसे घरातच सापडते आणि उरलेले तालुक्याच्या गावातील कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते.

- एक हॅक्सॉ ब्लेड. ती जुनी आणि बोथट असली तरी चालते
- रंगारी लांबी भरण्यासाठी वापरतात तशा, न वाकणाऱ्या पात्याच्या दोन पट्ट्या
- लाकडी मोगरी, किंवा साधी हातोडी आणि तिच्याखाली धरण्यासाठी लाकडाचा तुकडा
- बांबूच्या वीतभर लांबीच्या आठ-दहा कामट्या, एका टोकाला तासून पातळ केलेल्या
- शिलाई मशीनचे तेल आणि रॉकेल. रॉकेल न मिळाल्यास डिझेल, किंवा दोन्हींऐवजी गंज सोडवणारा स्प्रे
- सुती चिंध्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या, खडू
- कानस, एक जाड तारखिळा, आणि जाड कापडाचे किंवा चामड्याचे हातमोजे

पहार, ग्राइंडर आणि गॅसची बत्ती या यादीत मुद्दाम नाहीत. ग्राइंडरच्या ठिणग्या फटीतून आत जातात, आणि आत जुने सुती कापड, कागद व डांबराच्या गोळ्या असतात. बंद ट्रंकेत लागलेली आग बाहेरून लवकर दिसतही नाही. गावातला फॅब्रिकेशनवाला ‘दोन मिनिटांचं काम आहे’ म्हणाला, तरी आत काय आहे हे कळेपर्यंत त्याला यंत्र लावू देऊ नका.

२. ट्रंक उजेडात आणा, पण कड्यांना धरून नको

वर्षानुवर्षे एका जागी असलेल्या ट्रंकेच्या बाजूच्या कड्या वरून ठीक दिसतात, पण त्यांचे रिव्हेट आतून झिजलेले असतात. भरलेली ट्रंक कडीला धरून उचलली आणि रिव्हेट तुटला तर ती थेट पायावर येते. म्हणून ट्रंक थोडी कलती करून तिच्याखाली बारदान सरकवावे आणि दोघींनी बारदानाची टोके धरून ती ओढत न्यावी. आम्ही ती माजघरातून सोप्यात आणली, कारण तिथे उजेड होता, वारा होता आणि जमीन सपाट होती. जमीन सपाट असणे गरजेचे आहे. उंचसखल जागी ट्रंकेला पीळ बसतो आणि सुटी असलेली कडही धरल्यासारखी वाटते.

याच वेळी हातमोजा घालून ट्रंकेचा तळ चाचपावा. बोटाने दाबल्यावर पत्रा दबत असेल किंवा त्याचे पापुद्रे सुटत असतील, तर तळ गेला आहे असे समजावे. अशी ट्रंक पुढे वापरायची नसेल तर झाकणाशी झटण्यापेक्षा ती पालथी करून तळाकडून कात्रीने पत्रा कापणे सोपे असते. आमचा तळ शाबूत होता, कारण आजीने ट्रंक विटांवर ठेवली होती.

३. झाकण नेमके कुठे धरले आहे ते शोधा

या पायरीला घाई करू नका, कारण पुढचे सगळे काम हिच्यावर ठरते. झाकण उघडत नाही म्हणजे ते चारही बाजूंनी धरले आहे असे आपण गृहीत धरतो. तसे सहसा नसते. ट्रंक तीनच प्रकारच्या जागी धरते: कुलूप आणि कडी-कोयंड्यात, मागच्या बिजागऱ्यांत, आणि झाकणाची कड ट्रंकेच्या अंगावर उतरते त्या फटीत. तिन्हींचा उपाय वेगळा आहे.

फट का धरते हे समजून घेतले तर पुढच्या पायऱ्या पटतील. ट्रंक करणारे कारागीर पत्र्याची कड तारेवर वळवतात. त्यामुळे कड मजबूत होते आणि हाताला कापत नाही, पण त्या वळणात आणि झाकणाच्या खालच्या अरुंद फटीत दमट हवेतले पाणी धरून राहते. लोखंडाचा गंज मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. फट जेमतेम कागदाएवढी असताना दोन्ही पत्र्यांवर गंज वाढला की तो मध्ये पाचरीसारखा ठासून बसतो. झाकण चिकटलेले नसते, ते आवळले गेलेले असते. म्हणून वर ओढून ते निघत नाही. मधला गंज ढिला करून मग कड बाजूला सारावी लागते.

आधी कुलपाचे पाहावे. किल्ली असेल तर किल्लीच्या भोकात तेलाचे काही थेंब सोडून तासभर थांबावे आणि किल्ली हलकेच पुढे-मागे फिरवावी. जोर दिला की जुनी किल्ली आतच मोडते. किल्ली नसेल तर नव्या हॅक्सॉ ब्लेडने कुलपाची वरची कमान कापता येते. ब्लेड नुसतीच घसरत असेल तर कमान कडक केलेल्या पोलादाची आहे, तेव्हा तिचा नाद सोडून कोयंड्याच्या रिव्हेटचे डोके कानशीने घासून काढावे. आमच्या ट्रंकेला कुलूपच नव्हते, कोयंड्यात नुसता खिळा अडकवलेला होता.

त्यानंतर हॅक्सॉ ब्लेडची दात नसलेली बाजू पुढे करून ती झाकणाच्या कडेखालून वर सरकवावी आणि तशीच ट्रंकेच्या कडेकडेने फिरवावी. जिथे ती मोकळी सरकते तिथे झाकण सुटे आहे. जिथे ती अडते तिथे खडूने रेघ मारावी, आणि पुन्हा सरकू लागते तिथे दुसरी. धाकटीने ब्लेड फिरवली आणि मी खुणा केल्या. पुढची बाजू पूर्ण मोकळी निघाली, डावी बाजूही मोकळी. उजव्या बाजूला मागच्या कोपऱ्याजवळ वीतभर भागात ब्लेड शिरेना, आणि कोपरा वळून मागे थोड्या अंतरापर्यंत तीच गत होती. माजघरात त्या कोपऱ्यावरचे कौल फुटलेले होते. खानापूरकडच्या पावसात त्या कोपऱ्याचे काय झाले असेल हे वेगळे सांगायला नको.

शेवटी बिजागऱ्या पाहाव्यात. एकीने पुढून झाकण अगदी थोडे, बोटभर वर उचलावे आणि दुसरीने मागे बसून बिजागरीकडे लक्ष ठेवावे. बिजागरी फिरत असेल तर तिच्या सांध्यात हालचाल दिसते. ती गोठलेली असेल तर सांधा स्थिर राहतो आणि त्याच्या शेजारचा पत्रा वाकू लागतो. पत्रा वाकताना दिसला की लगेच थांबावे. आमच्याकडे मागून आवाज आला, “अक्का, सोड, सोड! बिजागरी हलेना, पत्राच वाकायलाय.” उजवी बिजागरी गोठलेली होती आणि डावी कुरकुरत का होईना, फिरत होती. म्हणजे चार बाजूंच्या या ट्रंकेचा प्रश्न फक्त एका कोपऱ्याचा आणि एका बिजागरीचा होता.

४. तेल मुरू द्या

रॉकेल पातळ असल्याने बारीक फटीत शिरते, पण लवकर उडून जाते. शिलाई मशीनचे तेल टिकते, पण एकटे असले तर सावकाश शिरते. दोन्ही समप्रमाणात मिसळले की काम भागते. स्प्रे वापरत असाल तर त्याची बारीक नळी लावूनच वापरा, नाहीतर अर्धा डबा पत्र्यावरून ओघळून जातो.

नवख्या माणसांना इथे एक अडचण येते. फट खालच्या बाजूने उघडी असते आणि तेल वर चढवायचे असते. यासाठी ट्रंक पालथी घालण्याचा मोह होतो, परंतु तसे केले की आतले सामान झाकणावर येऊन पडते आणि फटीतून उतरलेले तेल थेट त्याच्यात जाते. त्यापेक्षा सुती चिंधीची बोटभर रुंद पट्टी तेलात भिजवून हलकी पिळावी आणि पट्टीच्या टोकाने झाकणाच्या कडेखाली, खडूच्या दोन खुणांच्या दरम्यान दाबून बसवावी. दिव्याच्या वातीप्रमाणे तेल फटीत आपोआप वर चढते. रॉकेल उडू नये म्हणून पट्टीवर प्लॅस्टिक गुंडाळावे आणि रात्रभर तसेच ठेवावे. बिजागरीच्या सांध्यावर मात्र तेल वरूनच थेंब-थेंब सोडता येते.

या काळात त्या जागेजवळ चूल, उदबत्ती किंवा समई नको. आमचे देवघर सोप्याला लागूनच होते, त्यामुळे त्या दिवसांत सांजवात स्वयंपाकघरात लावली गेली.

सकाळी पट्टी काढून धरलेल्या भागावर बाहेरून मोगरीने हलके, जवळजवळ ठोके द्यावेत. हातोडी असेल तर मध्ये लाकूड धरावे. ठोक्यांचा हेतू पत्रा हलवणे हा नसून ठासलेल्या गंजाला बारीक भेगा पाडणे हा आहे. त्या भेगांतून तेल पुढे जाते. ठोकल्यावर फटीतून विटकरी रंगाचे तेल ओघळू लागले की ते गंजापर्यंत पोचले असे समजावे. स्वच्छ तेलच बाहेर येत असेल तर अजून ते आत शिरलेले नाही; पुन्हा पट्टी लावा. रोज सकाळ-संध्याकाळ हाच क्रम ठेवून मधूनमधून ब्लेड घालून पाहावी. खडूच्या दोन खुणांतले अंतर कमी होत जाते, आणि कामाची प्रगती मोजण्याचे तेच माप आहे.

५. झाकण सोडवा, उचलू नका

धरलेला भाग चार बोटांएवढा उरला की पट्ट्या हातात घ्याव्यात. सुरुवात नेहमी मोकळ्या बाजूकडून करावी. रंगाऱ्याची पट्टी खडूच्या खुणेच्या अलीकडे कडेखाली घालून ती खुणेच्या दिशेने सरकवावी, आणि अडली की पट्टीच्या मुठीवर मोगरीचा एक हलका ठोका द्यावा. पट्टी बोटभर पुढे गेली की तिच्या मागे मोकळ्या झालेल्या फटीत बांबूची कामटी खोचावी. कामटी झाकणाची कड अंगापासून किंचित दूर धरून ठेवते, म्हणून सुटलेला भाग पुन्हा धरत नाही. मग पट्टी आणखी बोटभर पुढे न्यावी आणि पुढची कामटी खोचावी.

हे काम दोघांचे आहे. एक जण पट्टी चालवतो आणि दुसरा ट्रंक स्थिर धरून कामट्या देतो. आम्ही दोघींनी कोपऱ्याच्या दोन्ही अंगांनी सुरुवात केली, मी उजव्या बाजूने आणि ती मागून, म्हणजे ताण एकाच ठिकाणी येत नाही. मध्येच तिला वाटले की आता एक हिसडा दिला तर निघेल, आणि खरोखर झाकण निघण्याच्या बेतात दिसतही होते. परंतु हिसडा नेमका याच टप्प्यावर घातक असतो. उरलेल्या चार बोटांच्या भागावर सगळा जोर एकवटतो आणि तारेवर वळवलेली कड तिथेच चिरते. चिरलेल्या पत्र्याची धार सुरीसारखी असते, आणि पत्रा फाटला की गंज सुटलाच नाही तरी झाकण वाकून कायमचे वेडेवाकडे होते.

झाकण सुटण्याचा क्षण अचानक येतो. एक टणक आवाज होतो आणि कड एकदम वर उडते. तोपर्यंत कोणाचाही चेहरा झाकणावर झुकलेला नसावा आणि बोटे कडेखाली नसावीत.

हातमोजे असूनही पत्रा लागला तर जखम साबण-पाण्याने धुवून प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. धनुर्वात गंजामुळे होत नाही, गंजलेल्या वस्तूला लागलेल्या मातीतील जंतूंमुळे होतो. मळलेली जखम असेल आणि शेवटच्या डोसाला ५ वर्षांहून अधिक काळ झाला असेल, तर लस पुन्हा घ्यावी लागते.

६. बिजागरी हलत नसेल तर तिचा खिळा काढा

कोपरा सुटल्यावरही आमची उजवी बिजागरी हलली नाही. अशा वेळी तिच्यावर झाकणाचा भार टाकू नये. गावठी ट्रंकेच्या बिजागरीत मधून एक लोखंडी खिळा गेलेला असतो आणि त्याची दोन्ही टोके ठोकून पसरट केलेली असतात. एका टोकाचा पसरट भाग कानशीने सांध्याच्या पातळीपर्यंत घासावा. मग त्याच टोकावर तारखिळ्याचे टोक टेकवून दुसऱ्या टोकाच्या दिशेने ठोकावे. आधी तेल मुरलेले असेल तर खिळा कणाकणाने सरकू लागतो आणि बिजागरीची दोन पाने वेगळी होतात. आम्ही हेच केले. उजवी बाजू अशी मोकळी झाल्यावर डाव्या बिजागरीवर झाकण उघडले, अर्थात खालून दोन हातांचा आधार देऊन, कारण एकाच बिजागरीवर पूर्ण झाकण लोंबकळले तर तीही जाते.

बिजागरीचे रिव्हेट छिन्नीने उडवणे हा दुसरा मार्ग आहे, पण रिव्हेट उडवला की पत्र्याचे भोक मोठे होते आणि नवी बिजागरी तिथे नीट बसत नाही. काढलेल्या खिळ्याच्या जागी तेवढ्याच जाडीची तार घालून तिची टोके वाकवली की ट्रंक पूर्ववत चालते.

७. उघडल्यावर लगेच हात घालू नका

झाकण उघडे धरणारी आतली साखळी किंवा पट्टी गंजलेली असते. तिच्यावर विसंबून डोके आत घालू नये. झाकणाला बाहेरून काठी किंवा खुर्चीची पाठ लावावी. डांबराच्या गोळ्यांचा कोंडलेला वास आणि बुरशी बाहेर पडायला अर्धा तास तरी द्यावा. दम्याचा त्रास असलेल्या माणसाने तेवढा वेळ दूरच थांबावे.

कापडावर गंजाचे डाग दिसले तर ब्लीचिंगचे पाणी लावू नका, त्याने डाग पक्का होतो. सुती कापडावर लिंबू आणि मीठ लावून उन्हात ठेवल्यास डाग फिका पडतो. रेशमी किंवा जरीच्या वस्त्राला हा उपाय करू नये. आजीची शहापुरी लुगडी मध्यभागी चांगली होती, फक्त पत्र्याला टेकलेल्या घड्या तांबूस झाल्या होत्या. ती घडी मोडून मलमलीत गुंडाळली आणि डाग तसेच राहू दिले.

कागदांकडे अधिक लक्ष द्यावे. एकमेकांना चिकटलेले दमट कागद ओढून वेगळे करू नयेत. ते गठ्ठ्यानेच कोऱ्या पांढऱ्या कागदांवर सावलीत पसरावेत, वर्तमानपत्रावर नाही, कारण त्याची शाई उठते. वाळताना कडा आपोआप सुटू लागतात. घडीवर तुटायला आलेला जुना दस्त पूर्ण उलगडण्याआधी जेवढा भाग दिसतो त्याचा फोटो काढून ठेवावा.

आमच्याकडे जे जमिनीचे कागद निघाले ते मराठीत होते. आपल्या भागात याचे आश्चर्य वाटू नये. चंदगड तालुका वगळता बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, आणि त्याआधीचे खरेदीपत्र किंवा उतारा अनेकदा मराठीत, क्वचित मोडी लिपीतही असतो. आजचा शेतीचा उतारा मात्र कन्नडमध्ये, कर्नाटक सरकारच्या ‘भूमी’ या संगणकीय प्रणालीतून मिळतो. जुन्या दस्तातील सर्व्हे नंबर, गावाचे नाव आणि दस्ताचा नोंदणी क्रमांक वेगळ्या कागदावर उतरवून घ्यावा. दस्त नोंदणीकृत असेल तर या क्रमांकावरून उपनिबंधक कार्यालयात त्याची प्रमाणित नक्कल मागता येते, आणि ती मागण्याचे काम गाव सोडण्यापूर्वीच केलेले बरे. पुण्याहून त्यासाठी पुन्हा येणे म्हणजे रजा आणि प्रवास दोन्ही.

८. टेंपोत काय जाईल आणि हातात काय राहील

हातातल्या पिशवीत ठेवायचे कागद ट्रंकेत परत टाकू नका:

- जमिनीचे आणि घराचे दस्त, नव्याने मागितलेल्या नकलांच्या पावत्या
- जन्मदाखले आणि शाळा सोडल्याचे दाखले. जुना दाखला कन्नडमध्ये असेल तर त्याचे प्रमाणित भाषांतर
- शिधापत्रिका, बँकेची पासबुके

ट्रंक रिकामी झाल्यावर तारेच्या ब्रशने सुटा गंज काढावा. जुना रंग शिशाचा असण्याची शक्यता असते, म्हणून तो कोरडा घासून धूळ उडवू नये, ओला करून घासावा. कोरड्या पत्र्यावर रेड ऑक्साइडचा एक हात द्यावा. झाकणाच्या आतल्या कडेला, जिथे गंज ठासला होता तिथे, रंग वाळल्यावर मेणबत्ती फिरवावी, म्हणजे पाणी धरत नाही.

पितळेची भांडी ट्रंकेत तळाशी आणि कपडे वर भरावेत. बिजागरीत नवी तार घातली असली तरी प्रवासात झाकणाला फक्त कुलपाचा आधार देऊ नये. टेंपो खड्ड्यात गेला की सगळा धक्का कोयंड्यावर येतो. नायलॉनच्या दोरीने ट्रंक आडवी-उभी बांधावी, टेंपोत ती खालच्या थरात आणि बिजागरीची बाजू केबिनकडे करून ठेवावी, आणि कुलूप नव्या घरी पोचल्यावर लावावे.